‘मोलाचे मार्गदर्शन’ नको, तीन प्रश्न पाठवा

प्रश्न: नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीची मी सचिव आहे. इमारत 1988 ची, तळमजला अधिक चार, 32 सदनिका. आमची दोन स्ट्रक्चरल ऑडिट झाली. पहिला अहवाल ‘सी-2बी’ म्हणतो, चौदा महिन्यांनी आलेला दुसरा ‘सी-2ए’ म्हणतो. दुसऱ्या इंजिनिअरांच्या सांगण्यावरून टेकू लावले, अहवाल महापालिकेतही दिला. दोन्ही अहवाल नीट समजून घ्यायला समितीच्या बैठकीत नेरुळच्या एका निवृत्त प्राध्यापकांना बोलवायचं ठरलं. मी ईमेलने पत्र पाठवलं: ‘आमच्या इमारतीसंदर्भात आपले मोलाचे मार्गदर्शन लाभावे. सर्व माहिती गोपनीय ठेवावी. आपला थोडा अमूल्य वेळ द्यावा, ही नम्र विनंती.’ सोबत दोन्ही अहवाल आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक जोडलं. सरांनी फोन करून ‘मला जमणार नाही’ एवढंच सांगितलं. काय चुकलं? पुन्हा लिहू का?
— सचिव, ठाणे (पश्चिम)

उत्तर: पुन्हा लिहा, आणि या आठवड्यातच लिहा. सी-2बी म्हणजे लोक घरात असतानाच दुरुस्ती, सी-2ए म्हणजे आधी इमारत रिकामी करून मग दुरुस्ती. 32 कुटुंबांनी भाड्याची घरं शोधायची की नाही, हे या दोन अक्षरांवर अवलंबून आहे. टेकू लावून आणि अहवाल महापालिकेत देऊन तुम्ही पहिली दोन कामं योग्य क्रमाने केलीत, त्यामुळे आता बैठकीकडे वळायला हरकत नाही.

तुमच्या पत्रातली भाषा उद्धट नाही, उलट फार नम्र आहे. अडचण अशी की ‘मार्गदर्शन’ या शब्दात स्ट्रक्चरल इंजिनिअरला तीन वेगवेगळी कामं दिसतात. एक म्हणजे बैठकीत बसून अहवाल समजावून सांगणं. दुसरं म्हणजे दोन्ही अहवालांची तपासणी करून स्वतःच्या सहीचं लेखी मत देणं. तिसरं म्हणजे महापालिकेत दाखवता येईल असं प्रमाणपत्र देणं. पहिल्या कामाला एक सकाळ पुरते. दुसऱ्याला स्वतः पाहणी करावी लागते, बहुतेकदा नव्या चाचण्या लागतात आणि त्याची रीतसर फी असते. तिसऱ्यात तर उद्या वाद कोर्टात गेला तर त्या सहीसाठी उभं राहावं लागतं. पत्रात यांतलं कोणतं काम हे लिहिलेलं नसलं की अनुभवी माणूस सर्वांत जड काम गृहीत धरतो आणि नाही म्हणतो. त्यात दोन इंजिनिअरांमधला मतभेद, म्हणजे आपल्या तोंडचं वाक्य उद्या कोणाच्या तरी विरुद्ध वापरलं जाणार, ही भीती असतेच.

म्हणून पत्रात सर्वांत आधी हेतू यायला हवा, आणि हेतू म्हणजे उत्तर देता येईल असे प्रश्न. तीनपेक्षा जास्त नकोत, दोन तासांत त्याहून जास्त होत नाही. हे प्रश्न तुम्हाला सुचत नसतील तर दोन्ही अहवाल टेबलावर शेजारी शेजारी उघडा आणि शेवटचा निष्कर्ष सोडून मागचे चाचण्यांचे तक्ते काढा. फरक तिथेच सापडतो.

उदाहरणार्थ, अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटीचा तक्ता घ्या. काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते ते यात मोजतात, आकडा किलोमीटर प्रति सेकंदात असतो. तुमच्या इमारतीच्या काळातल्या साध्या काँक्रीटला 3.5 च्या वरचा वेग चांगला आणि त्याखालचा शंकास्पद मानतात. समजा, तळमजल्याच्या कॉलम क्रमांक 7 ला पहिल्या अहवालात 3.6 आहे आणि दुसऱ्यात 2.7. चौदा महिन्यांत आणि मधल्या एका पावसाळ्यात काँक्रीट इतकं बिघडलं असेल का? असेलही, आत गंज वाढून भेगा पडल्या असतील तर. पण मोजण्याच्या पद्धतीमुळेही इतका फरक पडू शकतो. कॉलमच्या समोरासमोरच्या बाजूंना यंत्राची टोकं लावली तर ती ‘डायरेक्ट’ मोजणी. दोन्ही टोकं एकाच बाजूला लावली तर ‘इनडायरेक्ट’, आणि तिचा आकडा मुळातच कमी येतो. प्लास्टर खरवडून काढलं नसेल आणि ते आतून पोकळ झालं असेल तरी आकडा खाली जातो. तक्त्यात ‘पद्धत’ नावाचा रकाना असतो. तो एका अहवालात भरलेला आणि दुसऱ्यात कोरा दिसला, तर तुमचा पहिला प्रश्न तयार झाला.

दुसरा प्रश्न असा ठेवा: आणखी कोणत्या चाचण्या, कोणत्या जागी आणि किती केल्या म्हणजे हा मतभेद मिटेल? हा प्रश्न तज्ज्ञांना आवडतो, कारण त्यात कोण बरोबर आणि कोण चूक हे सांगावं लागत नाही, पुढे काय करायचं तेवढंच सांगायचं असतं. तिसरा प्रश्न आजच्या सुरक्षिततेचा: निर्णय होईपर्यंत लावलेले टेकू पुरेसे आहेत का, आणि कोणत्या गच्ची-सज्ज्याखाली माणसं उभी राहू नयेत, गाड्या लावू नयेत?

प्रश्नांइतकंच महत्त्वाचं म्हणजे काय विचारणार नाही ते लिहिणं. तीन गोष्टी स्पष्ट नाकारा. कोणता ऑडिटर चांगला हे विचारणार नाही. पुनर्विकास करावा की दुरुस्ती हे विचारणार नाही, तो निर्णय सर्वसाधारण सभेचा. लेखी अहवाल किंवा प्रमाणपत्र मागणार नाही. हे तीन नकार वाचून समोरच्याच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरतं. आणि हे समितीलाही बजावून सांगा. इमारतीच्या वर्गवारीबाबत नोटीस काढण्याचा अधिकार महापालिकेचा आहे. या बैठकीतलं मत कितीही पटलं तरी ते महापालिकेच्या पत्राची जागा घेऊ शकत नाही. उद्या नोटीस आली तर तिला महापालिकेच्या पॅनेलवरच्या इंजिनिअरमार्फतच उत्तर द्यावं लागेल.

आता गोपनीयता. ‘सर्व माहिती गोपनीय ठेवावी’ हे वाक्य कडक वाटतं, पण पाळता येत नाही. सर्व म्हणजे काय? इमारतीला तडे आहेत हे रस्त्यावरून दिसतं. कोणती कागदपत्रं, कोणापासून आणि कधीपर्यंत, हे तिन्ही लिहिलं तरच गोपनीयतेला अर्थ येतो.

तुमच्याकडे खरोखर गुप्त ठेवावी अशी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे अंदाजपत्रक. निविदा उघडण्याआधी ते ठेकेदारांपर्यंत पोहोचलं तर सगळे दर त्या आकड्याभोवती येतात आणि निविदेचा उपयोगच राहत नाही. तीन प्रश्नांपैकी एकालाही अंदाजपत्रक लागत नाही, मग ते पाठवायचंच नाही. अहवालांच्या प्रतींत घरांच्या आतले फोटो आणि मालकांची नावं असतात. पाठवायच्या प्रतीत नावं झाकून फक्त सदनिका क्रमांक ठेवा. थकबाकीचा किंवा भाडेकरूंचा उल्लेख असलेली पानं काढून टाका. एवढं केल्यावर तज्ज्ञांकडून मागायची हमी छोटी होते: या प्रती दुसऱ्या कोणाला द्यायच्या नाहीत, विशेषतः ठेकेदार, विकासक आणि दोन्ही ऑडिटर यांना, आणि काम झाल्यावर त्या पुसून टाकायच्या. मुदतही लिहा. ‘निविदा उघडेपर्यंत, किंवा बैठकीपासून बारा महिने, यांत जे आधी होईल तोपर्यंत’ असं चालेल. मुदत नसलेलं बंधन शहाणा माणूस घेत नाही.

दोन गोष्टी मात्र गोपनीयतेच्या नावाखाली झाकता येणार नाहीत, आणि त्या पत्रातच लिहिलेल्या बऱ्या. पहिली म्हणजे सभासदांचा हक्क. ऑडिट अहवाल सोसायटीचा दस्तऐवज आहे, सभासदाने रीतसर मागितला तर तो दाखवावा लागतो. ‘सभासदांनाही सांगू नये’ असं कधीही लिहू नका. तसं लिहिलंत तर समिती काहीतरी लपवते आहे हा आरोप तुमच्याच सहीने सिद्ध होईल. दुसरी गोष्ट जिवाची. पाहणी करताना सरांना एखादा भाग आता पडेल असा दिसला, तर त्यांनी गप्प राहावं असं कोणतंही कलम असता कामा नये. असा धोका दिसल्यास ते लगेच लेखी कळवतील आणि समिती त्याच दिवशी सभासदांना आणि महापालिकेला कळवील, हे वाक्य घालाच. जबाबदार तज्ज्ञ पत्रात हे वाक्य शोधतो.

गोपनीयता दोन्ही बाजूंनी हवी, हे बहुतेक निमंत्रणांत राहूनच जातं. तज्ज्ञांना तुमच्या कागदांपेक्षा तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची जास्त काळजी असते. बैठक संपून ते स्टेशनवर पोहोचायच्या आत ‘सर म्हणाले, बिल्डिंग एकदम ओके’ असा मेसेज फिरतो, आणि दुसऱ्या विंगमध्ये तोच ‘सर म्हणाले, खाली करा’ असा पोहोचतो. म्हणून सोसायटीने तीन हमी द्यायच्या: ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण होणार नाही, सरांच्या नावाने कोणताही संदेश जाणार नाही, आणि इतिवृत्तातली त्यांच्या मताची नोंद त्यांनी वाचून होकार दिल्यावरच कायम होईल. यासाठी स्टॅम्प पेपरवर करार करायची गरज नाही. दोन तासांच्या सल्ल्यासाठी कराराचा मसुदा पुढे केला की समोरचा आधी वकील शोधतो आणि मग नकार देतो. पत्रातला परिच्छेद आणि त्याला ईमेलने आलेला होकार एवढं पुरतं.

तिसरी गोष्ट वेळेची. ‘थोडा वेळ’ लिहिणारा फक्त बैठकीचे दोन तास मोजतो, पण ज्याला बोलावलं तो सगळा वेळ मोजतो. तुमचाच हिशेब मांडून पाहू. दोन अहवाल, फोटो वगळून साधारण साठ-साठ पानांचे धरले, तर लक्षपूर्वक वाचायला तीन तास. इमारतीत फिरून तळमजल्याचे कॉलम, एक-दोन स्वयंपाकघरं-संडास आणि गच्ची पाहायला एक तास. बैठक दोन तासांची. इतिवृत्ताचा मसुदा वाचून दुरुस्त करायला अर्धा तास. झाले साडेसहा तास, आणि नेरुळहून येण्या-जाण्याचे दारापासून दारापर्यंत अडीच तास वेगळे. म्हणजे नऊ तास. पत्रात नऊच लिहा. कमी लिहून होकार मिळवलात तर सर अहवाल न वाचता येतील आणि बैठकीचा पहिला तास पानं उलटण्यात जाईल. आकडा मोठा वाटत असेल तर वाचन कमी करा: दोन्ही अहवालांतली फक्त तक्त्यांची आणि निष्कर्षांची पानं खुणा करून पाठवा, तीन तासांचे दीड होतील.

दिवस निवडताना उजेड हवा हे लक्षात ठेवा. रात्री आठला समितीची नेहमीची बैठक असते म्हणून तज्ज्ञांनाही आठला बोलावलं, तर टॉर्च मारून तडे पाहावे लागतात. शनिवारी सकाळ बरी. रविवार ठेवायचा तर रेल्वेच्या मेगाब्लॉकची घोषणा आधी पाहा, ट्रान्सहार्बरच्या गाड्या बंद असल्या तर नेरुळहून ठाण्याला येणं जिकिरीचं होतं. जानेवारी 2026 मध्ये 26 तारीख सोमवारी आहे, म्हणजे 24 ला अनेक जण बाहेरगावी असतील. खालच्या मसुद्यात म्हणून 17 जानेवारी धरली आहे. होकार किंवा नकार कळवण्याची शेवटची तारीखही पत्रात हवी, म्हणजे नकार आला तर दुसऱ्या तज्ज्ञांना विचारायला दिवस उरतात.

मानधनावर मुळीच संकोच करू नका. ‘योग्य मानधन देण्यात येईल’ हे वाक्य कोणालाच नीट समजत नाही. समितीत ठराव करा, आकडा ठरवा आणि तो लिहा. मानधन देणार नसाल तर तेही सरळ लिहा, ‘मानधन नाही, प्रवासखर्च देऊ’, काही जण त्यालाही आनंदाने हो म्हणतात. एका व्यक्तीला व्यावसायिक फी म्हणून वर्षभरात 50,000 रुपयांपेक्षा जास्त दिले तर सोसायटीला 10 टक्के टीडीएस कापावा लागतो. ही मर्यादा 1 एप्रिल 2025 पासूनची, त्याआधी ती 30,000 होती. तुमची रक्कम तिच्या बरीच आत राहील, तरी पावती आणि पॅन क्रमांक घ्या, हिशेबांच्या ऑडिटच्या वेळी लागतो. सर जीएसटी नोंदणीकृत असतील तर त्यांच्या बिलात 18 टक्के वेगळे येतील, तेव्हा आकडा कराशिवायचा की करासह हे आधी बोलून घ्या. तुमचे सर निवृत्त आहेत म्हणून सोपं आहे. नोकरीत असलेल्या प्राध्यापकांना बोलावताना पत्र संस्थेच्या प्रमुखांमार्फत लागतं का आणि मानधन संस्थेच्या खात्यात जमा करायचं का, हे विचारावं लागतं.

आणखी एक ओळ तुमच्या पत्रात नव्हती आणि ती अत्यावश्यक आहे: हितसंबंधांची. दोन्ही ऑडिटर याच भागातले असतील तर त्यांतला एखादा सरांचा विद्यार्थी असण्याची शक्यता बरीच आहे. विद्यार्थी असणं हा दोष नाही, पण ते बैठकीनंतर कळलं तर सगळ्या चर्चेवर पाणी पडतं. म्हणून ऑडिटर, ठेकेदार, विकासक किंवा कोणी सभासद यांच्याशी काही नातं किंवा व्यवहार असेल तर कळवावं अशी विनंती करा. त्यासाठी पहिल्या पत्रात दोन्ही ऑडिटरांची नावं द्यावी लागतात, तेवढी द्या.

यावरून क्रम ठरतो. आधी पाच मिनिटांचा फोन, मग पत्र, मग त्यांचा लेखी होकार, आणि त्यानंतरच कागदपत्रं. तुम्ही पत्रासोबतच सगळं पाठवलंत, म्हणजे सरांनी गोपनीयता मान्य करायच्या आधीच गोपनीय कागद त्यांच्या हातात गेले. पहिल्या पत्राला जोडायचं ते फक्त इमारतीची माहिती देणारं एक पान: बांधकामाचं वर्ष, मजले, याआधी झालेल्या दुरुस्त्या आणि त्यांची वर्षं, दोन्ही ऑडिटच्या तारखा.

पत्राचा मसुदा असा:

> (संस्थेचे लेटरहेड) जावक क्र. ____ दिनांक: 2 जानेवारी 2026
>
> प्रति,
> मा. प्रा. ____________, नेरुळ, नवी मुंबई
>
> विषय: दोन स्ट्रक्चरल ऑडिट अहवालांवरील सल्लागार बैठकीस विशेष निमंत्रित म्हणून उपस्थित राहण्याबाबत
>
> आदरणीय सर,
> सप्रेम नमस्कार.
>
> काल दूरध्वनीवर बोलल्याप्रमाणे हे पत्र लिहीत आहे. आमच्या इमारतीच्या दोन ऑडिट अहवालांत वर्गवारी वेगळी आली आहे (पहिल्यात सी-2बी, दुसऱ्यात सी-2ए). ही तपासणी अनुक्रमे ________ आणि ________ यांनी केली आहे. दुसरा अहवाल महापालिकेस सादर केला असून त्यातील सूचनेनुसार टेकू लावले आहेत. व्यवस्थापक समितीला दोन्ही अहवाल समजून घेण्यासाठी आपली मदत हवी आहे. आमचे प्रश्न तीन:
>
> 1. तळमजल्याच्या कॉलमच्या अल्ट्रासॉनिक वेगातील फरक मोजणीच्या पद्धतीमुळे असू शकतो, की प्रत्यक्ष झीज दाखवतो?
> 2. हा फरक मिटवण्यासाठी कोणत्या चाचण्या, कोठे व किती कराव्यात?
> 3. तोपर्यंत सुरक्षिततेसाठी आणखी काय करावे?
>
> आपल्याकडून लेखी अहवाल, प्रमाणपत्र, ऑडिटरविषयी अभिप्राय किंवा पुनर्विकासाबाबत मत अपेक्षित नाही. आपले मत समितीच्या माहितीसाठी राहील. ते महापालिकेकडे किंवा न्यायालयात आपल्या नावाने सादर केले जाणार नाही. निर्णय व त्याची जबाबदारी संस्थेची असेल.
>
> वेळ: शनिवार, 17 जानेवारी 2026. सकाळी 9.30 ते 10.30 इमारतीची पाहणी, 10.30 ते 12.30 बैठक, स्थळ संस्थेचे कार्यालय. बैठकीस समितीचे सदस्यच असतील. अहवाल वाचनास सुमारे 3 तास व इतिवृत्त पाहण्यास अर्धा तास धरता, प्रवास वगळून आपले साडेसहा तास लागतील, प्रवासासह सुमारे नऊ. ही तारीख सोयीची नसल्यास रविवार, 18 जानेवारी, याच वेळी चालेल.
>
> गोपनीयता: आपला होकार आल्यावर दोन्ही अहवालांच्या प्रती पाठवू. त्या निविदा उघडेपर्यंत किंवा बैठकीपासून बारा महिने, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत कोणासही देऊ नयेत व बैठकीनंतर पुसून टाकाव्यात, ही विनंती. तातडीचा धोका आढळल्यास आपण तो लगेच लेखी कळवावा. संस्था त्याच दिवशी सभासदांना व महापालिकेस कळवील. संस्थेकडून बैठकीचे ध्वनिमुद्रण होणार नाही, आपल्या नावाने कोणताही संदेश प्रसारित होणार नाही व इतिवृत्तातील आपल्या मताची नोंद आपण पाहिल्यानंतरच कायम केली जाईल. संस्थेचे दस्तऐवज पाहण्याच्या सभासदांच्या हक्कास यामुळे बाधा येत नाही.
>
> वरील ऑडिटर, कोणी ठेकेदार, विकासक अथवा संस्थेचे सभासद यांच्याशी आपला व्यावसायिक वा कौटुंबिक संबंध असल्यास कृपया कळवावा.
>
> मानधन: रु. ______ (समिती ठराव क्र. ____). येण्या-जाण्यासाठी टॅक्सीचा खर्च वेगळा. दोन्ही रकमा बैठकीनंतर सात दिवसांत आपल्या खात्यात जमा होतील.
>
> आपला होकार किंवा नकार बुधवार, 7 जानेवारीपर्यंत ईमेलने कळवावा. होकार असल्यास ‘पत्रातील अटी मान्य’ एवढे लिहिणे पुरेसे आहे.
>
> कळावे,
> आपली विश्वासू,
> सचिव
>
> सोबत: इमारतीची माहिती, एक पान

हे पत्र एका कागदाच्या दोन्ही बाजूंवर बसतं. त्याहून लांबवू नका. बैठकीच्या सूचनेत सरांचं नाव ‘विशेष निमंत्रित’ म्हणून घाला, गणसंख्येत धरू नका, आणि मतदान करायचं असेल तर ते गेल्यावर करा. होकार 7 तारखेला आला तर 8 ला अहवाल पाठवा. वाचायला नऊ दिवस मिळतात, तेवढे लागतात.

‘बैठकीस समितीचे सदस्यच असतील’ हे वाक्य बहुतेक सोसायट्यांत मोडतं. चार सभासद ऐकायला येऊन दारात उभे राहतात, त्यांतला एक जण ‘सर, माझ्या बेडरूमचं जरा बघा ना’ म्हणतो आणि तीन प्रश्न बाजूला पडतात. सभासदांना आधीच नोटीस बोर्डवर कळवा की ही समितीची बैठक आहे, नोंद कायम झाली की ती वाचायला मिळेल आणि त्यावर सर्वसाधारण सभेत चर्चा होईल. ज्यांच्या घरात जास्त गळती आहे त्यांची दोन-तीन घरं पाहणीच्या तासात धरा, म्हणजे त्यांनाही डावललं असं वाटणार नाही.

इतिवृत्त लिहिताना सरांच्या बोलण्यातल्या अटी गाळू नका. ‘कॉलम 7 चं प्लास्टर काढून डायरेक्ट पद्धतीने पुन्हा मोजल्यावर वेग 3.5 च्या वर आला, तर पहिल्या अहवालाकडे झुकता येईल’ असं ते म्हणाले असतील, तर ‘तर’ सकट लिहा. तो ‘तर’ गळला की सल्ल्याचा निकाल होतो, आणि नोंद वाचताना सर नेमकी तीच जागा शोधतील. मसुदा तीन दिवसांत पाठवा, आठवड्याने पाठवलात तर कोण काय म्हणालं हे कोणालाच नीट आठवत नाही.

आधीच्या ईमेलचं राहिलं. नवं पत्र पाठवण्याआधी फोन कराल तेव्हा पहिल्या वाक्यातच सांगा की त्या वेळी जोडलेलं अंदाजपत्रक चुकून आलं होतं, ते आणि दोन्ही अहवाल कृपया पुसून टाकावेत, होकार कळवल्यावर नावं झाकलेल्या प्रती पाठवू. अंदाजपत्रक बाहेर गेल्याची नोंद समितीच्या पुढच्या बैठकीत करा आणि ज्यांनी ते तयार केलं त्या कन्सल्टंटना कळवा. निविदा काढण्याआधी त्यातले दर आणि परिमाणं तशीही तपासावी लागणार आहेत, कारण नव्या चाचण्यांनंतर किती कॉलमना जॅकेटिंग, म्हणजे भोवती नवं काँक्रीट चढवणं, लागेल हा आकडाच बदलू शकतो.